‘भ्रूण हिमोग्लोबिन’ की ‘गर्भ हिमोग्लोबिन’? आणि ते ‘बदलतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

शिवाजी पेठ
थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतोय. गडहिंग्लज, राधानगरी, कागल भागातल्या घरांत ती वाचली जाणार आहे. एका वाक्यावर चार दिवस अडलोय. कच्चा मसुदा असा आहे: “जन्मतः बाळाच्या रक्तात भ्रूण हिमोग्लोबिन असते, पुढे त्याचे प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये रूपांतर होते.” ‘भ्रूण’, ‘प्रौढ’ आणि ‘रूपांतर’ हे तिन्ही शब्द मला खटकतात, पण कशामुळे ते नीट सांगता येत नाही. मदत करा.

मोडीवाचक
‘भ्रूण’ शब्दाला एक ओझं आहे. स्त्रीभ्रूणहत्येच्या बातम्यांमुळे तो घराघरात पोहोचला आणि पोटातल्या कुठल्याही महिन्याच्या जिवाला लोक भ्रूण म्हणू लागले. शास्त्राच्या पुस्तकांत मात्र साधारण पहिल्या आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण आणि त्यापुढे गर्भ, असा भेद पाळतात. तुमचं हिमोग्लोबिन कुठल्या काळातलं, ते आधी ठरवा.

सूक्ष्मदर्शक
सर, इथे तो भेद पाळलाच पाहिजे, कारण पहिल्या काही आठवड्यांचं हिमोग्लोबिन खरोखरच वेगळं असतं. गोअर, पोर्टलंड अशी त्याची नावं आहेत. ‘भ्रूण हिमोग्लोबिन’ म्हणायचं तर ते त्यांना म्हणावं. पुस्तिकेला हवंय ते त्यानंतरचं. ते जन्मापर्यंत मुख्य असतं आणि रिपोर्टवर नुसतं ‘एफ’ म्हणून छापून येतं. त्याला ‘गर्भ हिमोग्लोबिन’ म्हणा, आणि पहिल्यांदा लिहिताना शेजारी ‘एफ’ द्या, म्हणजे आईला हातातल्या कागदावर ते सापडेल. मोठ्यांचं हिमोग्लोबिन तिथे ‘ए’ म्हणून येतं.

गंगावेस
रूपांतर म्हणाया काय हरकत हाय? दुधाचं दही होतंय तसं एफचं ए होतंय. बाळ भाईर आलं, वारं लागलं, फुफ्फुस चालू झालं की एफ पालटून ए होतंय. आमच्या भाच्याच्या वेळी डॉक्टरनी असंच सांगितलं होतं.

सूक्ष्मदर्शक
दादा, अर्धं बरोबर आहे. एफ कमी होतं आणि ए वाढतं, हे खरं. पण दुधाचं दही होतं तेव्हा तेच दूध दही होतं. इथे एफचा एकही कण ए होत नाही. जुन्या लाल पेशी एफ घेऊन जन्मल्या आणि एफ घेऊनच मरतात. नवजात बाळाच्या लाल पेशी साधारण दोन ते तीन महिने जगतात. त्या जातात आणि अस्थिमज्जा त्यांच्या जागी नव्या पेशी तयार करते, त्यांत ए जास्त भरलेलं असतं. पिढी बदलते, माणूस बदलत नाही, तसं. म्हणून ‘रूपांतर’ चूक.

दुसरं असं की वारं लागण्याशी याचा संबंध नाही. हे घड्याळ गर्भधारणेपासून चालू होतं. ए मध्ये असणारी आणि एफमध्ये नसणारी बीटा साखळी जन्माच्या बऱ्याच आधी वाढू लागते. दोन महिने आधी जन्मलेलं मूल लवकर श्वास घेऊ लागलं, म्हणून त्याचं एफ लवकर उतरत नाही. ते आपल्या ठरल्या वेळेलाच उतरतं.

मोडीवाचक
मग ‘खांदेपालट’ कसा वाटतो? अंबाबाईची पालखी डोळ्यांसमोर आणा. पालखी थांबत नाही, खांदे बदलतात.

सूक्ष्मदर्शक
सर, हा शब्द मला फारच जवळचा वाटला, कारण तो हिशोबातही बसतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. चार भोई समजा. पुढचे दोन अल्फा, ते गर्भात आणि नंतरही तेच. मागचे दोन गर्भात गॅमा असतात, तेव्हा त्या रेणूला एफ म्हणतात. जन्माच्या आगेमागे गॅमा हटतात आणि बीटा येतात, तो ए.

आता थॅलेसेमियात काय होतं बघा. मुलाला दोन्हीकडून बीटाचा बिघाड आला असेल, तर गॅमा ठरल्या वेळी खांदा काढून घेतात आणि मागे कोणी येतच नाही, किंवा फार थोडे येतात. पुढे अल्फांची गर्दी तशीच. जोडी न मिळालेल्या अल्फा पेशीत गोळा होऊन साचतात, पेशीची कातडी बिघडवतात, आणि बहुतेक लाल पेशी अस्थिमज्जेतच मरतात. त्रास नुसता हिमोग्लोबिन कमी बनल्याने होत नाही, उरलेल्या अल्फांनीही होतो. म्हणूनच पालक सांगतात, “जन्मलं तेव्हा ठणठणीत होतं हो.” ते खरंच सांगत असतात. तेव्हा गॅमा मागे उभ्या होत्या. मूल बहुधा सहा महिन्यांनंतर फिकं पडू लागतं, दूध सोडतं, पोट वर येतं.

राजारामपुरीची आई
मी शब्दांबद्दल नाही, माझ्या मुलीबद्दल विचारते, राग मानू नका. ती चार महिन्यांची आहे. कागदावर लिहिलंय: एफ 46, ए 52, ए-टू 0.9. हिमोग्लोबिन 9.6. एफच्या पुढे ठळक खूण आणि शेजारी ‘2 पेक्षा कमी’ असं छापलंय. घरात सगळे म्हणतात, थॅलेसेमिया आहे. ह्यांच्या चुलतभावाच्या मुलाला आहे, म्हणून तपासणी केली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

गंगावेस
ताई, हिमोग्लोबिन कमी हाय तर बिटाचा रस, खजूर चालू करा. आमच्यात तसंच केलं, चढलं.

सूक्ष्मदर्शक
दादा, चार महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय काही द्यायचं नाही. आणि थॅलेसेमियाची शंका असताना लोहाचा विचार डॉक्टर वेगळा करतात. तो विषय इथे मिसळू नका.

ताई, मुलगी पूर्ण दिवसांची होती का? तिला कधी रक्त चढवलंय का? आणि तुम्हा दोघांची तपासणी झाली आहे का?

राजारामपुरीची आई
आठव्या महिन्यातच झाली, 32 आठवड्यांची. रक्त चढवलेलं नाही. आमचीही तपासणी झाली. माझं ए-टू 2.7, ह्यांचं 5.1. माझ्या पेशींचा आकार 86 आणि ह्यांचा 66 लिहिलाय.

सूक्ष्मदर्शक
मग एकेक बघू.

‘2 पेक्षा कमी’ ही मोठ्या माणसाची मर्यादा आहे, यंत्र ती सगळ्यांच्या कागदावर छापतं. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतः एफ साधारण 60 ते 80 टक्के असतं, आणि ते उतरून मोठ्यांच्या पातळीवर यायला वर्षभर किंवा थोडं जास्त लागतं. तुमची मुलगी दोन महिने आधी आली, म्हणून घड्याळाच्या हिशोबात ती चार महिन्यांची नाही, दोन महिन्यांची आहे. त्या वयाला 46 धक्कादायक नाही. 9.6 देखील या वयात, त्यातून आधी जन्मलेल्या बाळात, दिसतं.

माझी नजर मात्र एफकडे नाही, ए कडे जाते. 52 टक्के ए आहे आणि रक्त चढवलेलं नाही, म्हणजे हे ए तिचं स्वतःचं आहे. बीटा अजिबात बनत नाही असा थॅलेसेमिया असता तर ए शून्य असतं आणि जवळजवळ सगळं एफ असतं. तिच्या बीटा खांदा द्यायला आल्या आहेत.

आता तुमचे आकडे. ए-टू हे मोठ्यांच्या रक्तात थोडंसं असणारं आणखी एक हिमोग्लोबिन, बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांत ते वाढतं. यजमानांचं ए-टू 5.1 आणि पेशी लहान, म्हणजे ते बीटा थॅलेसेमियाचे वाहक दिसतात. तुमचं ए-टू आणि पेशींचा आकार दोन्ही ठीक आहेत. एकच पालक वाहक असेल तर मुलाला मोठा थॅलेसेमिया होत नाही. ती वडिलांसारखी वाहक असण्याची शक्यता निम्मी. ते आत्ताच्या कागदावरून कळणार नाही, कारण ए-टू या वयात कमीच असतं, 0.9 वरून काहीच ठरवता येत नाही. वर्ष उलटल्यावर पुन्हा करा. हा कागद तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि 32 आठवड्यांचं आवर्जून सांगा, कागदावर ते लिहिलेलं नसतं.

शिवाजी पेठ
‘रक्त चढवलंय का’ हे आधीच का विचारलंत?

सूक्ष्मदर्शक
चढवलेल्या रक्तातलं ए दुसऱ्याचं असतं. फिकं पडलेलं नऊ महिन्यांचं मूल येतं, घाईत रक्त दिलं जातं, मग नमुना पाठवतात. कागदावर ए भरपूर दिसतं आणि थॅलेसेमिया झाकला जातो. नमुना रक्त देण्याआधी घ्यायचा. पुस्तिकेत एवढं एक वाक्य ठळक छापा.

चामोर्शीकर
मी गडचिरोली जिल्ह्यातली, नर्स आहे, सध्या कोल्हापुरात. आमच्याकडे थॅलेसेमियापेक्षा सिकल जास्त. तिथे ‘सिकल’ एवढंच म्हणतात, ‘विळा पेशी’ म्हटलं तर कोणाला कळत नाही. बाळ पहिले चार-सहा महिने हसतखेळत असतं. मग एक दिवस दोन्ही हातांची बोटं, पावलं टम्म सुजतात, बाळ हात लावू देत नाही. आया म्हणतात, काहीतरी चावलं. खांदेपालट सिकलला लावला तर पालखी पडत नाही, मग काय सांगायचं?

सूक्ष्मदर्शक
बरोबर पकडलंत. सिकलमध्ये बीटा येतात, वजनही उचलतात. पण त्यांच्यात एका जागी, सहाव्या दुव्यावर, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे वळतात आणि पेशी वाकडी होऊन बारक्या वाहिनीत अडकते. एफचा रेणू त्या दोऱ्यात बसत नाही, दोरा तिथेच तुटतो. म्हणून एफ भरपूर असेपर्यंत बाळ सुखरूप. जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच हे ताडलं होतं. पालखीची उपमा इथे सोडून द्यावी.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सिकलमध्ये देतात, तिच्या कामाचा मोठा भाग हाच, एफ पुन्हा वाढवणं. मात्र ती पांढऱ्या पेशी उतरवू शकते, म्हणून रक्त मोजत राहावं लागतं. आणि 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुक उपचारात, गॅमाला गप्प बसवणाऱ्या बीसीएल-11-ए या जनुकाचा मज्जेतल्या लाल पेशींपुरता आवाज कमी करतात. गॅमा परत येतात. तो सिकल आणि थॅलेसेमिया दोन्हींना लागू पडतो.

मोडीवाचक
माझा एक प्रश्न. गॅमा इतक्या गुणाच्या, तर शरीर त्यांना घालवतंच कशाला?

सूक्ष्मदर्शक
गर्भात एफचा उपयोग स्पष्ट आहे. लाल पेशीत 2,3-बीपीजी नावाचा पदार्थ असतो, तो हिमोग्लोबिनमध्ये बसून ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. गॅमाला तो नीट चिकटत नाही, म्हणून एफची पकड घट्ट राहते आणि वारेत आईच्या रक्तातला ऑक्सिजन बाळाकडे ओढला जातो. बाहेर आल्यावर ऑक्सिजन स्नायूंना सैल सोडणारं ए सोयीचं, असं सांगतात. पण काही घराण्यांत एफ जन्मभर जास्त राहतं आणि ती माणसं धडधाकट असतात. म्हणून पालट अनिवार्य आहे, असं मी लिहिणार नाही.

शिवाजी पेठ
तर वाक्य असं करतो: “जन्मतः बाळाच्या रक्तात मुख्यतः गर्भ हिमोग्लोबिन (एफ) असते. त्या पेशी जातात आणि नव्या पेशींत मोठ्यांचे हिमोग्लोबिन (ए) येते. हा खांदेपालट पुरा व्हायला वर्षभर लागते.” ‘प्रौढ’ काढला, वर्षाच्या बाळाला प्रौढ म्हणवत नव्हतं.

मोडीवाचक
‘मोठ्यांचे’ ठीक. ‘खांदेपालट’बद्दल मीच थोडा साशंक झालोय, मंत्रिमंडळाच्या बातम्यांनी तो शब्द पळवलाय. नुसता ‘पालट’?

राजारामपुरीची आई
मला पालखीमुळेच कळलं, सर. ठेवा तो. आणि डॉक्टरांना आज दाखवलं, पुढच्या वर्षी तिच्या वाढदिवसानंतरची तारीख दिलीय. ह्यांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरतंय, त्यालाही तपासणी करून घ्यायला सांगितलंय.