पॅन्ट 32, टेप 89, बीएमआय 22.8. कोणता आकडा खरा धरू?

सायकलवाला_नाशिक: वय 44, उंची 165 सेंमी, वजन 62. बीएमआय 22.8 येतो, म्हणजे आपल्याकडच्या 23 च्या आतच. पोट कमरेच्या अर्ध्या उंचीत... सॉरी, कमर उंचीच्या अर्ध्यात हवी असं वाचलं. पॅन्ट 32 ची लागते, म्हणजे 81 सेंमी, भागिले 165, आलं 0.49. खूश झालो. बायकोने टेप लावली तर 89! म्हणजे 0.54. वडिलांना मधुमेह आहे. कोणता आकडा धरू, आणि तपासण्या कोणत्या करू?

टाका_दोरा: पॅन्टच्या नंबरावर जाऊ नका दादा. चाळीस वर्षं शिवणकाम करतोय. पॅन्टची कंबर माणूस जिथे पॅन्ट घालतो तिथे घेतात, आणि पोट सुटलं की पॅन्ट खाली सरकते. म्हणून शर्टासाठी आम्ही 'पोट' वेगळं मोजतो. तुमचं 89 म्हणजे ते पोट. शिवाय रेडिमेडच्या 32 मध्ये बत्तीस इंच असतीलच असं नाही.

मी_मुंबैकर: पुरुषांना 90 आणि बायकांना 80 ची मर्यादा आहे. तुम्ही 89, आतच आहात. निवांत राहा.

कैरीचं_लोणचं: ओव्याचं पाणी महिनाभर घ्या, पोट आत जाईल. मी पट्टाही बांधते.

सायकलवाला_नाशिक: ताई, कमी कसं करायचं ते नंतर. आधी मोजलंय तरी बरोबर का?

आहारवाली_पुणे: कुठे मोजलं, बेंबीवर का? आणि जेवणानंतर? बेंबीचा भरवसा नसतो, पोट ओघळलं की तीही खाली येते. बाजूने चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कड शोधा, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक, आणि त्या दोन्हींच्या मधोमध टेप धरा. सकाळी उपाशीपोटी, उघड्या अंगावर. टेप मागेही आडवी सरळ हवी, एकटे असाल तर आरशात बघा. अंगाला टेकेल पण रुतणार नाही इतपतच ओढा. पोट आत घ्यायचं नाही, श्वास सहज सोडून झाला की वाचायचं. दोनदा मोजा. एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा.

मुंबैकर, 90 हा आकडा आपल्या लोकांसाठी बरोबर आहे, पण त्याच्या आत सगळं आलबेल असं नाही. 2009 च्या भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशीत पुरुषांना 78 आणि बायकांना 72 पासूनच सांभाळायला सांगितलं होतं. 90 आणि 80 ही त्यापुढची पायरी. शिवाय 90 हा आकडा सहा फुटी माणसालाही तोच आणि साडेपाच फुटांच्या आतल्यालाही तोच. उंचीने भागलं की ती अडचण बरीच कमी होते. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2022 च्या सूचनांत 0.5 ते 0.59 ला वाढलेला धोका म्हणतात आणि 0.6 पासून जास्त.

आणि बीएमआय चांगला असून पोट असणं हे आपल्याकडे नवं नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

सायकलवाला_नाशिक: आज सकाळी तसंच मोजलं. 86.5 आणि 87. काल रात्री जेवून बेंबीवर मोजलं होतं. आता 0.53. म्हणजे अर्ध्याच्या वरच.

आहारवाली_पुणे: दोनेक सेंमी इकडेतिकडे झाले तरी तुमचा निकाल बदलत नाही, कारण तुमची अर्धी उंची 82.5 आहे. पण हे निदान नव्हे. टेपला कातडीखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी यातला फरक कळत नाही, आणि धोका मुख्यतः आतल्या चरबीचा. म्हणून उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि बीपी करून घ्या. लिपिडमध्ये नुसतं कोलेस्टेरॉल बघू नका, ट्रायग्लिसराइडही बघा. वडिलांचं डॉक्टरांना नक्की सांगा.

मी_मुंबैकर: मग माझा मेव्हणा? 183 उंची, पोट 91. भागिले 0.497. एका हिशोबाने नापास, दुसऱ्याने पास!

आहारवाली_पुणे: अशा काठावरच्यांत दोन्ही आकडे भांडतात. मी तरी तपासण्या करायला लावीन, पण सगळे तसं म्हणतीलच असं नाही.

टाका_दोरा: एक राहिलं. कापडी टेप जुनी झाली की ताणते. स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा, माझ्या एका टेपमध्ये सेंटीमीटरभर फरक निघाला होता.

कैरीचं_लोणचं: आमच्या आईची उंची कार्डावर 152 आहे, पाठीला बाक आल्यावर आता 147 भरते. कमर 75. जुन्या उंचीने 0.49, आताच्या उंचीने 0.51. तिला कोणती धरायची?

आहारवाली_पुणे: चांगला प्रश्न. बाक आला की बरगडी आणि कमरेचं हाड जवळ येतात, त्यामुळे मोजायची जागाच नीट सापडत नाही. मी अशा वेळी या भागाकारावर फार विसंबत नाही, साखर आणि बीपी आधी बघते. कोणाला याहून बरा मार्ग माहीत असेल तर लिहा.

सायकलवाला_नाशिक: शनिवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जातोय. टेप ताडून पाहिली, ठीक आहे. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.