कॅनिंगवाल्याला आंबा उधारीवर द्यायचा का? (आपल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

नाना, ए-102: मंडळी जरा मदत हवी. रत्नागिरीच्या त्या कॅनिंगवाल्याचा एजंट काल कलमात येऊन गेला, किलोमागे 3 रुपये जास्त देतो म्हणतो पण पैसे गणपतीला. माझा साधारण दोन लाखाचा माल जाईल. म्हटलं कंपनीची परिस्थिती काय, तर त्याने हा ताळेबंदाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणे बघा, करंट रेशो एकच्या वर, डेट इक्विटी फक्त 0.9, एकदम सेफ. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

दादा, सी-204: नाना फोटो झूम करून बघितला. करंट असेट्स 1000, करंट लायबिलिटीज 860, भागले की 1.16. बरोबर आहे एजंटचं. पण एक कळलं नाही, इन्व्हेंटरीच्या पुढे आधी 9 लिहिलंय मग 420. माल 9 चा की 420 चा?

भाऊ, बी-301: 9 हा टिपेचा नंबर रे, माल 420 चा. वर कोपऱ्यात "लाखांत" लिहिलंय ते पण बघ, म्हणजे 4 कोटी 20 लाख. आणि आकड्यांचे दोन कॉलम आहेत, पहिला 31 मार्च 2025 चा, दुसरा 2024 चा. बँकेत असताना घाईत एक आकडा या कॉलमचा आणि एक त्या कॉलमचा उचललेले कागद मी किती बघितलेत.

दादा, सी-204: मग डेट इक्विटी? लाँग टर्म बॉरोइंग्ज 380, भांडवल 100 आणि रिझर्व्ह 320 म्हणजे इक्विटी 420, 380 भागिले 420 झाले 0.90. हे पण बरोबर.

भाऊ, बी-301: इथेच तर गंमत केलीय. खाली करंट लायबिलिटीजमध्ये शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज 460 आहेत ते कुठे गेले? ते पण व्याजाचं कर्जच आहे ना. ते धरायचं.

380 + 460 = 840
840 ÷ 420 = 2.0

म्हणजे मालकाच्या एका रुपयामागे दोन रुपये कर्ज. नुसतं लांब मुदतीचं धरून रेशो सांगणारे असतात, चूक म्हणता येत नाही पण या धंद्यात ते डोळ्यात धूळ फेकणं झालं, कारण आंबा घ्यायला लागणारा सगळा पैसा सीसीतनंच, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातनंच येतो. उलट काहीजण सगळीच देणी धरतात, 1260 भागिले 420, मग 3 येतं. म्हणून कोणी रेशो सांगितला की आधी विचारायचं वर काय धरलंय.

वहिनी, ए-401: भाऊ त्या 460 मध्ये टर्म लोनचे हप्ते पण असतात ना? आमच्या ह्यांच्या फर्मच्या कागदांत बघितलेलं.

भाऊ, बी-301: असतात गो. कंपन्यांच्या ताळेबंदात 2021-22 पासून पुढच्या वर्षभरात भरायचे हप्ते शॉर्ट टर्म बॉरोइंग्जमध्येच दाखवावे लागतात, त्याआधी ते अदर करंट लायबिलिटीजमध्ये असायचे. जुना ताळेबंद बघाल तर तिथे शोधायचं नाहीतर कर्ज कमी दिसतं. नाना, एजंटने नुसतं पहिलं पान दिलंय, खरी गोष्ट मागच्या टिपांत असते. कंपनी मंत्रालयाच्या वेबसाईटवर शंभर रुपये भरले की पूर्ण फाईल बघायला मिळते, कोणालाही.

नाना, ए-102: नातवाने आत्ता काढून दिली. टीप 6 आणि 9 चे फोटो टाकतो.

भाऊ, बी-301: बघितली. शॉर्ट टर्मचे 460 म्हणजे सीसी 390 आणि हप्ते 70. आता मालाची टीप नीट बघा. एकूण 420, त्यात तयार माल 335, डबे आणि पॅकिंग 60, साखर वगैरे 25. डबे आणि साखर मार्चमध्ये असणारच, सीझनच्या आधी भरून ठेवावे लागतात. पण तयार माल म्हणजे पल्प, आणि तारीख काय तर 31 मार्च. कॅनिंगचा आंबा येतो मे महिन्यात, जूनच्या पावसापर्यंत डबे भरून होतात, मग वर्षभर विकायचे. म्हणजे मार्चअखेर गोडाऊन तसं रिकामं व्हायला हवं. इथे 2024 च्या मे-जूनमध्ये भरलेला 3 कोटी 35 लाखांचा पल्प नऊ-दहा महिन्यांनी पण पडून आहे. हाच आकडा जुलैला असता तर मी काही बोललो नसतो.

दादा, सी-204: म्हणजे 1.16 खोटा?

भाऊ, बी-301: खोटा नाही, पण भरीव नाही. जे विकलं जात नाही ते करंट असेट म्हणून मोजलंय. आता माल काढ, आणि लोन्स अँड अॅडव्हान्सेसचे 112 पण काढ, ते डबेवाल्यांना वगैरे दिलेले अॅडव्हान्स आहेत, त्याचे पैसे हातात येत नाहीत, माल येतो. राहिलं काय तर येणं 450 आणि रोख 18.

468 ÷ 860 = 0.54

वर्षाच्या आत शंभर रुपये द्यायचेत आणि पटकन पैसा होईल असे 54 आहेत. आणि ते पण 450 सगळे वसूल झाले तर. नाना, येण्याच्या टिपेत किती दिवसांची थकबाकी त्याचा तक्ता असतो तो बघा.

नाना, ए-102: एक वर्षाच्या वर 190 लिहिलंय.

भाऊ, बी-301: संपलं मग. साडेचार कोटीतले एक कोटी नव्वद लाख वर्षभर कोणी दिलेले नाहीत. ते काढलेत तर 278 भागिले 860, 0.32.

वहिनी, ए-401: आदल्या वर्षी करंट रेशो किती होता?

भाऊ, बी-301: बरं विचारलंस. 2024 ला 800 भागिले 600, म्हणजे 1.33. आमच्याकडे बँकेत, धंद्याला कर्ज किती द्यायचं ते सुचवणाऱ्या टंडन समितीच्या काळापासून हाच आकडा किमान म्हणून बघायचे, चालू मालमत्तेतला चौथा हिस्सा तरी लांब मुदतीच्या पैशातनं आलेला असावा असा त्याचा अर्थ. एका वर्षात 1.33 चा 1.16 झाला. रोख 60 वरून 18 वर, सप्लायरची देणी 200 वरून 310. म्हणजे नुसतं बँकेच्या नाही, आंबेवाल्यांच्या पैशावर पण धंदा चाललाय. आणि 31 मार्चची चांगली बाजू पण सांगतो, हा वर्षातला एकच दिवस आहे, एप्रिलमध्ये मोठी ऑर्डर गेली असेल तर चित्र वेगळं. मुख्य म्हणजे हा कागद तेरा महिने जुना आहे, मधे 2025 चा अख्खा सीझन होऊन गेला.

दादा, सी-204: पण बुडाली तर माल आहेच की गोडाऊनमध्ये, त्यातनं मिळतील नानांना.

भाऊ, बी-301: सीसी देताना माल आणि येणं दोन्ही बँकेकडे तारण असतं रे. आधी बँक, मग काही उरलं तर नाना. 3 रुपये जास्त देतोय ते उगाच नाही, बँकेकडून आणखी मिळत नसेल म्हणून तुमच्याकडून घेतोय असा माझा अंदाज, सीसीची लिमिट किती ते ताळेबंदावरून कळत नाही.

नाना, ए-102: मग देऊच नको?

भाऊ, बी-301: रोखीने द्या की. उधारीवर द्यायचाच तर सगळा नको, आणि आधी गेल्या सीझनला ज्यांनी दिला त्यांना विचारा पैसे कधी मिळाले. पावसच्या बाजूला कोणीतरी असेलच.

वहिनी, ए-401: माझ्या माहेरच्यांनी दिलेला गेल्या वर्षी. गणपतीचा वायदा होता, दिवाळीनंतर मिळाले, ते पण दोन हप्त्यांत.

नाना, ए-102: एजंटला फोन केला. म्हटलं अर्धे पैसे काट्यावर, बाकी तीस दिवसांत, 3 रुपये जास्त नकोत. शेठला विचारून सांगतो म्हणाला.

भाऊ, बी-301: तो सांगेपर्यंत गडी लावू नका.