मदत हवी आहे: फोटोचं वर्णन पाठवलं, उत्तर फक्त 'ओके'

आमच्या सोसायटीतले एक काका पूर्ण अंध आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, मी त्यात काय आहे ते लिहून कळवते आणि त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. काल गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आला. मी लिहिलं: 'चंदेरी पाकीट, दहापैकी सहा गोळ्या शिल्लक, नाव मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. एक्स्पायरीची तारीख फाटलेल्या कडेला गेली आहे, दिसत नाही.'

उत्तर आलं, 'ओके.' बस.

आता हे 'ओके' म्हणजे 'हवं ते कळलं' की नुसतं 'ऐकलं'? माझीच चूक अशी की महत्त्वाचं वाक्य शेवटी टाकलं. लांब मेसेज ऐकताना माणूस नाव कळताच पुढे सरकतो. शिवाय त्यांना हवं काय होतं, हे मी आधी विचारलंच नाही.

'समजलं ना?' विचारलं तर परीक्षा घेतल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा एवढंच पाठवू का: 'काका, तारीख दिसली नाही. दुसऱ्या बाजूचा किंवा खोक्याचा फोटो पाठवता का?' की सरळ फोन करू? तुमच्यापैकी कोणी स्वतः स्क्रीन रीडर वापरत असेल तर सांगा, असा पाठपुरावा खटकतो का?