मदत हवी आहे: तळपायाची चामखीळ औषध लावूनही जात नाहीये

आसावरी_क
नमस्कार मंडळी. डाव्या पायाच्या चवड्याखाली बरेच महिने एक कडक गाठ आहे, आधी वाटलं कुरूप असेल म्हणून कुरूपाच्या पट्ट्या लावल्या, वरची कातडी पांढरी होऊन निघायची आणि पुन्हा तेच. मग नीट बघितलं तर आत बारीक काळे ठिपके दिसले आणि बाजूला अजून एक छोटी उगवलीय. मेडिकलवाल्याने चामखीळ म्हणून सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं लिक्विड दिलं, १७ टक्केवालं. रात्री आठवण झाली की लावते. काही फरक नाही. त्यात आता उजव्या हाताच्या तर्जनीला नखाच्या अगदी कडेला खरबरीत काहीतरी आलंय. मला नखं खायची सवय आहे (माहितीये, ओरडू नका). हे घरी बरं होतं का, की सरळ स्किनवाल्याकडे जाऊ?

बंडू_नाना
ताई ते काळे ठिपके म्हणजे चामखिळीची मुळं. मूळ खोल असतं, ते जोवर निघत नाही तोवर ती परत येणारच. वरवर औषध लावून काय होणार? पाय गरम पाण्यात मऊ करायचा आणि नवीन ब्लेडने काळं दिसेपर्यंत खरवडायचं, आमच्याकडे सगळे असंच करायचे.

सुनंदा_सिस्टर
नाना, पाय मऊ करायचं बरोबर सांगितलंत, पण ब्लेड नको. मी त्वचाविभागाच्या ओपीडीत नर्स होते, ब्लेडने कापून रक्ताळलेले पाय घेऊन येणारे खूप बघितलेत. चामखिळीला मूळ नसतं हो. तो एचपीव्ही व्हायरस कातडीच्या वरच्याच थरात राहतो, आणि ते काळे ठिपके म्हणजे चामखिळीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. कापलं की रक्त येतं आणि व्हायरस आजूबाजूच्या कातडीत पसरायला वाट मिळते. आसावरी, तुमची बाजूची छोटी बहुधा अशीच पसरून आली असणार.

कुरूप की चामखीळ हे ओळखायला अजून दोन गोष्टी बघा. तळव्याच्या कातडीवरच्या रेषा कुरुपावरून तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी तुटतात आणि तिला वळसा घालतात. आणि कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त कळ येते. नेहमीच असं होतं असं नाही पण ठिपक्यांबरोबर बघितलं की अंदाज येतो.

आता औषधाचं. तुमचं औषध चुकीचं नाही, "आठवण झाली की" हे चुकतंय. रोज रात्री पाच-दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचा, पुसून कोरडा करायचा, मग वरची पांढरी मेलेली कातडी कानशीने किंवा एमरी बोर्डने घासायची. गुलाबी दिसायला लागलं किंवा दुखलं की थांबायचं. मग आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, आणि लिक्विड फक्त चामखिळीवर, वाळू द्यायचं आणि वर साधी चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घासायचं टाळलं तर औषध मेलेल्या कातडीवरच बसून राहतं, आतपर्यंत जातच नाही, बहुतेकांचं इथेच फसतं. १२ आठवडे सलग केल्याशिवाय "फरक नाही" म्हणायचं नाही. ती कानशी दुसऱ्या कुठल्या कातडीला किंवा नखांना लावायची नाही, आणि घरात दुसऱ्या कोणी वापरायची नाही.

मनमौजी_७
माझ्या मानेवर आणि काखेत अशा लोंबत्या चामखिळी खूप आहेत, दोरा बांधला की गळून पडतात, तुम्हीपण दोरा ट्राय करा ना

सुनंदा_सिस्टर
मनमौजी, तुम्ही म्हणताय ते मस, त्याला देठ असतो आणि तो या व्हायरसचा प्रकार नाही. तळपायाची चामखीळ वजनाने आत दाबलेली असते, दोरा बांधणार कशाला? आणि मसालाही घरी दोरा बांधू नका, चिघळतं.

आसावरी_क
सिस्टर, खूप खूप आभार, मी घासतच नव्हते, फक्त थरावर थर लावत गेले. चालताना दुखायला लागलं की मी दोन दिवस बंद करायचे, ते बरोबर का? आणि संपली हे कसं कळणार? मागे एकदा गेली असं वाटून मी थांबले तर पुन्हा वर आली.

सुनंदा_सिस्टर
थोडी जळजळ आणि पांढरेपणा अपेक्षित आहे. लाल होऊन सुजलं, किंवा रक्त-पाणी आलं तर थांबायचं, कातडी शांत होऊ द्यायची आणि मग सुरू करायचं, सोडून नाही द्यायचं. संपली की नाही ते रेषांवरून बघा. काळे ठिपके गेले आणि कातडीच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सरळ जायला लागल्या की झालं. नुसती सपाट झाली म्हणजे गेली असं नाही, बहुतेक तुम्ही सपाट झाल्यावर थांबला असाल.

बोटाचं मात्र मी घरी करायला सांगणार नाही. नखाच्या कडेची चामखीळ नखाखाली शिरते आणि तिथे अ‍ॅसिड किंवा गोठवणं जास्त झालं तर नख कायमचं वाकडं येऊ शकतं. ती डॉक्टरांना दाखवा. आणि नखं खाणं बंद, ओरडत नाही, पण त्याने ती बाकी बोटांवर जाते, ओठांवरसुद्धा.

चष्मेबद्दूर
मी तळपायाला लिक्विड नायट्रोजनने गोठवून घेतलं. जाम दुखतं हं, फोड येतो, पाय टेकवत नव्हता. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने परत परत जावं लागलं, शेवटी गेली. पण जागेवर फिका डाग राहिला. माझ्या मते सरळ डॉक्टर गाठा, अ‍ॅसिडमध्ये वेळ घालवू नका.

सुनंदा_सिस्टर
ज्याचं त्याचं. पण तळपायाच्या जाड कातडीवर गोठवणं अ‍ॅसिडपेक्षा फार भारी ठरतं असं नाही, दोन्ही अपयशी ठरतात असे पेशंट असतातच. सावळ्या कातडीवर असा डाग बऱ्याचदा राहतो, त्यामुळे मी आधी अ‍ॅसिड नीट करून बघायच्या बाजूने.

चष्मेबद्दूर
नीट करणारा पेशंट मिळाला तर! मी तर चार दिवसांत कंटाळलो असतो.

जुईची_आई
मध्येच विचारते, माझ्या बाबांना शुगर आहे आणि त्यांच्या टाचेला असंच झालंय, हेच औषध लावू का?

सुनंदा_सिस्टर
नाही. शुगर असेल, पायाला बधिरपणा किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर अ‍ॅसिड, घासणं काहीच घरी नको, भाजलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. डॉक्टरकडेच न्या. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तरी तेच.

बंडू_नाना
मग बाकीच्यांनी काहीच न करता वाट पाहिली तर? माझ्या नातवाच्या हाताच्या आपोआप गेल्या, औषध काही लावलंच नव्हतं.

सुनंदा_सिस्टर
नाना, हे मात्र तुमचं अगदी खरं. लहान मुलांच्या बऱ्याचशा दोनेक वर्षांत आपोआप जातात, दुखत नसेल तर थांबलं तरी चालतं. मोठ्या माणसांना जास्त वेळ लागतो, आणि तळव्याची टोचत असेल तर थांबणार कसं? फक्त कोणत्याही वयात ती भराभर वाढली, आपोआप रक्त यायला लागलं, रंग बदलला, किंवा मोठ्या माणसाच्या नखाजवळची एकच गाठ काही केल्या जात नसेल तर चामखीळ समजून बसू नका, कधीकधी तो कातडीचा कॅन्सर निघतो, तुकडा तपासावा लागतो.

आसावरी_क
बापरे, बोटाची तर याच आठवड्यात दाखवते. पायाचं आज रात्रीपासून सुरू. ती चिकटपट्टी रात्रभरच ठेवायची की दिवसापण?

सुनंदा_सिस्टर
दिवसाही ठेवा, रात्री पाय भिजवताना काढायची.

चष्मेबद्दूर
दिवसभर बुटात पट्टी टिकली तर मला सांगा.