Re: मंडळाच्या ड्रॉपबॉक्सचा ईमेल बदलणे (रविवारच्या आत!)

मेधा: ड्रॉपबॉक्सवर अजून शिरीषदादांचाच ईमेल आहे. मंडळाचा पत्ता टाकला तर तो आधीच वापरात आहे म्हणतंय. रविवारी गणपतीच्या फोटोंची लिंक पाठवायची आहे. आता?

प्रसाद: सरळ नवीन खातं काढा, जुन्यातून फोल्डर शेअर करा, मग जुनं बंद करा. आमच्या ढोल पथकाने असंच केलं.

विद्याधर: प्रसाद, पथकाचं चाललं असेल, इथे नको. लिंक जुन्या खात्याने बनवलेल्या आहेत; ते बंद झालं की गेल्या दिवाळी अंकातल्या सगळ्या लिंक मरतील. शिवाय शेअर केलेला फोल्डर नव्या खात्याच्या जागेतही मोजला जातो. फुकट खात्यात 2 जीबीच मिळतात.

मेधाताई, मंडळाच्या पत्त्यावर कुणीतरी कधीतरी शेअर स्वीकारायला खातं उघडलंय, म्हणून अडतंय. आधी त्या खात्यात शिरा. पासवर्ड नसेल तर मंडळाच्या मेलवरून रीसेट करा. त्यात काय पडलंय ते बघा आणि Settings > General मध्ये त्या खात्याला तिसराच एखादा पत्ता द्या. त्या पत्त्यावर आलेल्या मेलमधून पडताळणी झाली की मंडळाचा पत्ता मोकळा. मग मुख्य खात्यात तोच पत्ता टाका. पासवर्ड विचारेल, पडताळणीची मेल येईल. फाइल्स, फोल्डर, जुन्या लिंक जागच्या जागी राहतात. फक्त जुन्या पत्त्यावर आलेली, अजून न स्वीकारलेली आमंत्रणं आधी स्वीकारून घ्या.

सुनंदा: मलाही या लिस्टवर पत्ता बदलायचाय, मेल जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर जातात. कुणाला सांगू?

शिरीष: सुनंदाताई, त्यासाठी सचिवांना कळवा. मेधा, ईमेल बदलला की माझ्या लॅपटॉपवरचं आपोआप बंद होईल ना?

विद्याधर: नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. ईमेल फक्त लॉगिनचं नाव आहे. जोडलेली उपकरणं जोडलेलीच राहतात. दादांनी लॅपटॉपवर फोल्डर पुसला तर तो मंडळाच्या खात्यातूनही जाईल. Settings > Security मध्ये उपकरणांची यादी दिसते. तिथून एकेक काढा, मग पासवर्ड बदला. दुपदरी पडताळणीचा फोन नंबर दादांचा असेल तर तोही आधी बदला, नाहीतर कोड त्यांच्याकडेच जात राहील.

प्रसाद: उपकरण काढलं की त्यावरचे फोटोही जातात.

विद्याधर: नुसतं काढल्याने नाही. सिंक थांबतं, उतरलेल्या फाइल्स लॅपटॉपवर तशाच राहतात. त्या दादांना हाताने पुसाव्या लागतील, पण सिंक तुटल्यावरच.

शिरीष: 2017 च्या नाटकाचे फोटो मी ठेवून घेतले तर चालतील?

मेधा: ते कमिटीला विचारावं लागेल, दादा. तो कोड आत्ताच तुमच्या फोनवर गेलाय, लगेच पाठवा.