रात्री बाळाला पाजताना दिवा कोणत्या रंगाचा आणि किती उजेडाचा? अनुभव लिहा

लातूरची बाळंतीण: माहेरी आले आहे. बाळ तीन आठवड्यांचं. रात्री दर दोन-अडीच तासांनी पाजावं लागतं. ट्यूबलाइट लावली की बाळ टक्क जागं होतं आणि मलाही परत झोप लागत नाही. दुकानदाराने निळा नाइट लॅम्प दिला, जाऊबाई म्हणतात लालच लाव. तुम्ही कोणता लावलात, कुठे लावलात आणि काय अडचण आली, ते सविस्तर लिहा.

जालन्याची आई: ताई, लालच घ्या. लाल उजेडानं झोप येते. आम्ही पाळण्याच्या वरच लावला होता, रात्रभर चालू. बाळ छान झोपायचं.

परभणीचा वायरमन, दोन लेकरांचा बाप: लाल घ्या, हे बरोबर. पण लाल उजेड झोप आणत नाही, फक्त मोडत नाही. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात की दिवस आहे की रात्र हे त्या शरीराला कळवतात. निळा उजेड त्यांना सगळ्यात जास्त जागवतो, लाल फारच कमी. म्हणून निळा नाइट लॅम्प दिसायला कितीही शांत असला तरी या कामाचा नाही. लाल दिवाही लख्ख असेल तर झोप उडणारच, आणि पाळण्याच्या वर लावला तर उताणं झोपलेलं बाळ नेमकं त्याच्याकडेच बघणार.

दुकानात नुसता 'झिरोचा बल्ब' मागू नका. जुना काचेचा झिरोचा बल्ब बहुधा 15 वॅटचा असतो. अर्ध्या वॅटचा लाल एलईडी मागा. त्यातही काही दिव्यांत आत पांढरा एलईडी आणि वर लाल झाकण असतं, त्यातून इतर रंग झिरपतात. ओळखायचं असं: खोलीत दुसरा उजेड नको. भिंतीवरचं कॅलेंडर त्या दिव्यात धरा. रविवारचे लाल आकडे पांढऱ्या कागदात जवळजवळ विरून गेले तर उजेड खरा लाल. आकडे लालभडक, ठळक दिसत राहिले तर त्यात बाकीचे रंग मिसळलेत.

दिवा पलंगाच्या बाजूला, खालच्या प्लगात, तुमच्या पाठीमागे येईल असा लावा. बाळाचं नाक मोकळं आहे का आणि तोंडात स्तन नीट धरलाय का, एवढं दिसलं की बास. त्या उजेडात पेपर वाचता आला तर तो जास्तच झाला.

बीडची आई: आमच्याकडे रात्री लाइट जाते. तेव्हा मोबाईलची बॅटरी लावावी लागते, ती पांढरी असते. मी फोन बॅटरीची बाजू खाली करून ठेवते, उजेड अंथरुणाच्या कडेनं थोडासा येतो. बॅटरीवर ओढणी गुंडाळायची नाही, तापते. पाजताना फोन बघत बसलं तर लाल दिव्याचा काही उपयोग राहत नाही, हे मात्र खरं.

अंबाजोगाईची नर्स: एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. लाल उजेडात बाळाचा रंग कळत नाही. पिवळी कातडी साधी दिसते, ओठ निळसर पडले तरी समजत नाही, लंगोटात रक्त असलं तरी ते डागासारखं उठून दिसत नाही. पहिल्या आठवड्यात काविळीवर लक्ष ठेवायचं असतं, ते दिवसा खिडकीपाशी, सूर्यप्रकाशात. रात्री बाळ सुस्त वाटलं, प्यायला मागेना, अंग तापलं किंवा श्वास वेगळा वाटला, तर मोठा दिवा लावा. झोप मोडली तर मोडू द्या. औषधाचे थेंब मोजायलाही पांढराच उजेड हवा.

नांदेडचे काका: आमच्या आईला रात्री संडासला जाताना दिसत नाही, मोतीबिंदू आहे. तिलाही हाच लाल लावू का?

परभणीचा वायरमन: काका, पाजायला एका जागी बसायचं असतं, आईंना चालायचं आहे. त्यांना वाटेवर जमिनीलगत मंद पिवळसर दिवा बरा. आमच्याकडे पावसाळ्यात विंचू निघतो, तांबूस विंचू लाल उजेडात फरशीवर दिसून येत नाही. म्हणून बाळंतिणीनंही खाली पाय ठेवण्याआधी क्षणभर बॅटरी मारावी.

जालन्याची आई: पण एवढ्याशा बाळाला कुठं रात्र-दिवस कळतो? मग रंगानं काय फरक पडतो?

अंबाजोगाईची नर्स: तीन आठवड्यांचं बाळ भुकेनं उठतं, उजेड कसलाही असो. त्याचं रात्र-दिवसाचं चक्र साधारण दोन-तीन महिन्यांत बसायला लागतं. तोवर मंद दिव्याचा जास्त फायदा आईला होतो, असं मला वाटतं. बाळाला किती होतो, ते एकेका घरी वेगळं ऐकते.

लातूरची बाळंतीण: कॅलेंडर धरून बघितलं. जाऊबाईंच्या दिव्यात रविवार लालच दिसतो, म्हणजे बदलावा लागेल. निळा काढून ठेवला. लंगोट बदलायला मात्र आईला उजेड लागतो, ती म्हणते मला लालमधलं काहीच उमजत नाही. त्यासाठी दाराआड दुसरा दिवा ठेवलाय कुणी?