कपात होणार हे आधी कळलं आणि गप्प बसावं लागलं (अनुभव धागा)

नीलपंख (धागालेखिका)
काल एका मैत्रिणीने विचारलं, "महिन्याच्या मधेच सगळ्यांच्या शिल्लक रजांचा तक्ता मागवलाय, कशाला असेल गं?" आणि मला जुनं सगळं आठवलं.

मी तेव्हा पेरोल बघायचे. साहेबांनी पासवर्ड लावलेली शीट पाठवली. नावं नाहीत, नुसते एम्प्लॉयी नंबर, आणि सगळ्यांचा शेवटचा दिवस एकच. नोटीस पे, शिल्लक रजा, येणी-देणी काढून द्यायची. पेरोलवाल्याला नंबरावरूनच माणूस कळतो. शेजारच्या खुर्चीवाल्याचा नंबर होता त्यात.

दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "ताई, घराचं काम काढलंय, ३ महिन्यांच्या पगाराएवढा अ‍ॅडव्हान्स घेतो, फॉर्म दे." माझ्या डोक्यात हिशोब सुरू. नोटीसचे २ महिने, रजांचा साधारण अर्धा, म्हणजे हातात येणार अडीच. अ‍ॅडव्हान्सचे ३ वळते झाले की हाच कंपनीला अर्ध्या महिन्याचा पगार देणं लागणार. तेही नोकरी नसताना!

सांगता तर येईना. फॉर्मबरोबर नियमाचं पान दिलं आणि म्हटलं, "नोकरी कुठल्याही कारणाने संपली तर उरलेली रक्कम एकदम कापतात, ते कलम वाचून मग सही कर." हे मी प्रत्येकालाच सांगायचे, त्यामुळे त्यात फोडण्यासारखं काही नव्हतं. त्याने फॉर्म घरी नेला तो परत आणलाच नाही. त्याला कळलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी हे ओझं वाहिलंय? लिहा.

टिचकी
बाप रे. पोटात गोळा आला वाचून. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

भटक्या
माझी पण गेली होती गेल्या वर्षी. सकाळी मीटिंग, दुपारी घरी. कोणी दोन शब्द बोललं नाही. आता बरं चाललंय.

नीलपंख
@भटक्या, वाईट वाटलं वाचून. धागा मात्र आधी माहीत असणाऱ्यांचा आहे :)

भटक्या
हो का, वर नीट वाचलंच नाही. असो, लिहून मोकळं वाटलं.

सर्व्हररूम
आयटीवाल्यांना एचआरच्या खालोखाल कळतं. आम्हाला यादी येते ती अकाउंट बंद करायला. माझ्या वेळी १० वाजता आपोआप बंद होतील असं लावून ठेवायला सांगितलं होतं, मीटिंग ९:३० ची. साहेबांना उशीर झाला, मीटिंग १०:३० वर गेली, मला कोणी कळवलंच नाही. १० वाजता एक जण लॅपटॉप घेऊन माझ्याकडेच आला, "पासवर्ड चालत नाहीये रे, बघ ना." काय सांगू त्याला? "सर्व्हरचं काहीतरी चाललंय, थांब जरा," म्हटलं आणि साहेबांना फोन लावायला बाहेर पळालो. तेव्हापासून वेळ लावून ठेवत नाही. मीटिंग संपल्याचा फोन आला की हाताने बंद करतो, मग कितीही नावं असोत.

कलमबहाद्दर
गुप्ततेच्या करारावर सही असेल तर एक शब्द बोललात की थेट तुरुंग. नीलपंख, ते कलम दाखवणंसुद्धा गुन्हाच होता.

जुनाखोड
तुरुंग कसला? करार मोडला तर बहुतेक वेळा नोकरी जाते, फार तर भरपाईचा दावा. आणि सगळ्यांना दिलेलं नियमाचं पान दाखवणं म्हणजे करार मोडणं नव्हे. खरी भीती वेगळी. कंपनी शेअर बाजारात असेल आणि मोठी कपात जाहीर व्हायच्या आधी तुम्ही किंवा तुमच्या सांगण्यावरून कोणी तिचे शेअर विकले, तर प्रकरण नियामकापर्यंत जाऊ शकतं.

कलमबहाद्दर
तेच म्हणत होतो मी.

टिचकी
😂

मधलीफळी
मी टीम लीड. माझ्याकडूनच दोन नावं मागितली होती. त्यातला एक कपातीच्या आधीच्या शुक्रवारी राजीनामा घेऊन आला. दुसरीकडची ऑफर तोंडी होती, पत्र यायचं होतं. त्याने स्वतः पत्र दिलं असतं तर कपातीची भरपाई बुडाली असती. मी म्हटलं, "ऑफर लेखी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये. सोमवारी बोलू." सल्ला कोणीही देईल असाच, पण मी दिला तो यादी माहीत असल्यामुळे. सोमवारी त्याला भरपाईसकट पत्र मिळालं आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस.

जुनाखोड
@मधलीफळी, हे मात्र काठावरचं आहे.

नीलपंख
मला नाही वाटत. ऑफर लेखी नसती तर एरवीही हेच सांगितलं असतं ना?

मधलीफळी
सांगितलं असतं. पण 'सोमवारी बोलू' म्हटलं नसतं.

सर्व्हररूम
आणि दुसरं नाव?

मधलीफळी
ती आयत्या वेळी यादीतून निघाली, तिच्या जागी दुसऱ्या टीममधला गेला. तिला अजून माहीत नाही. आजही माझ्याच टीममध्ये आहे.

टिचकी
आले परत. नीलपंख, मैत्रिणीला काय उत्तर दिलंस ते सांग आधी!

नीलपंख
म्हटलं, वर्षअखेरच्या हिशोबालाही मागवतात तो तक्ता. पण शेवटचा दिवस टाकून हिशोब मागितला तर मला फोन कर.